एक पान, आठ डोकी

एखाद्या बातमीचं अख्खं पान एकाच लांब चित्रात साठवायचं म्हणून कोणी ब्राउझरमधलं बटण दाबतं. चित्र तयार होतं, आणि उघडून पाहावं तर वर्तमानपत्राच्या नावाची निळी पट्टी दर वीतभर अंतरावर पुन्हा पुन्हा उगवलेली असते. काही ओळी त्या पट्टीखाली गडप झालेल्या असतात. खाली जिथे छायाचित्रं असायला हवीत तिथे राखाडी किंवा पांढरे चौकोन असतात. पान वाचताना मात्र यातलं काहीच दिसलेलं नसतं. पट्टी एकच होती, छायाचित्रंही सगळी होती.

दोष कॅमेऱ्याचा वाटतो. पण इथे कॅमेराच नसतो. पडद्यावर कोणत्याही क्षणी दिसतो तो पानाचा खिडकीएवढा तुकडा. खिडकीबाहेरचा भाग ब्राउझरने मनात आखून ठेवलेला असतो, पण रंगवलेला असतोच असं नाही, आणि त्यातली चित्रं मागवलेली असतीलच असंही नाही. म्हणजे ‘पूर्ण पान’ असं ज्याला म्हणायचं ते वाचकाने खालपर्यंत जाताना पाहिलेल्या खिडक्यांची बेरीज असते. ही बेरीज करण्याच्या दोन रीती आहेत आणि त्या वेगवेगळ्या प्रकारे चुकतात. चित्रातला दोष नीट पाहिला तर कोणती रीत वापरली होती हे बहुतेक वेळा सांगता येतं.

पहिली रीत सरकवून जोडण्याची. ब्राउझरला जोडायची बरीचशी एक्स्टेन्शन्स आणि अनेक फोनमधला लांब स्क्रीनशॉट याच रीतीने काम करतात. पानाच्या माथ्यावर एक स्क्रीनशॉट घ्यायचा, खिडकीएवढं खाली सरकायचं, दुसरा घ्यायचा, असं तळापर्यंत जायचं आणि सगळे तुकडे एकाखाली एक चिकटवायचे. जुन्या काळी शाळेच्या सामूहिक फोटोसाठी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू फिरणारा कॅमेरा असे. कॅमेरा फिरत असताना एखादा वांड मुलगा रांगेमागून पळत दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राही आणि फोटोत दोनदा येई. पानाच्या माथ्याची पट्टी नेमकं हेच करते, फक्त ती प्रत्येक थांब्यावर पळत येते.

तसं करायला तिला पान रचणाऱ्यानेच सांगितलेलं असतं. वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत घटकाच्या जागेसाठी `position` नावाची सूचना असते. तिची किंमत `fixed` असेल तर तो घटक पानाला नव्हे, खिडकीला बांधला जातो. पान कितीही सरकवा, तो जागचा हलत नाही. `sticky` असेल तर तो आधी पानाच्या प्रवाहात आपल्या जागी असतो आणि सरकता सरकता खिडकीच्या काठाला टेकला की तिथेच चिकटतो. दिसायला दोन्ही सारखे. पण त्यांच्यातला फरक उपाय करताना फार महत्त्वाचा ठरतो.

एक उदाहरण आकड्यांत मांडू. समजा एका मराठी बातमीचं पान ६००० पिक्सेल उंच आहे, ब्राउझरची खिडकी ८०० पिक्सेलची आहे आणि माथ्याची चिकट पट्टी ८० पिक्सेलची. साधं साधन ८००-८००ने खाली सरकेल. ०, ८००, १६०० असं करत ते ४८०० वर पोचेल. पुढचा थांबा ५६०० असायला हवा, पण पान तेवढं सरकूच शकत नाही. खिडकीचा तळ पानाच्या तळाला टेकला की सरकणं संपतं, आणि ते ५२०० वरच होतं. म्हणून शेवटचा तुकडा ५२०० वर घेतला जातो. एकूण आठ तुकडे, आठ पट्ट्या.

कुरूपपणा सोडून देता येईल, पण नुकसान तेवढंच नाही. पहिली पट्टी सोडली तर उरलेल्या सातांपैकी प्रत्येक पट्टी आपल्याखालचा ८० पिक्सेलचा मजकूर झाकते. ५६० पिक्सेल झाले. देवनागरी मजकुराची एक ओळ साधारण २८ पिक्सेलची धरली तर वीस ओळी चित्रात नाहीतच. नंतर चित्र संपादित करून पट्ट्या कापल्या तरी त्या ओळी परत येत नाहीत, कारण त्या टिपल्याच गेल्या नव्हत्या. पुरावा म्हणून, निविदेची किंवा भरतीच्या जाहिरातीची प्रत म्हणून असं चित्र ठेवणाऱ्याला हे महिन्यांनी कळतं, आणि तोवर मूळ पान बदललेलं असतं.

या चित्रात आणखी एक खूण असते. पट्ट्यांमधलं अंतर सारखं, ८०० पिक्सेल, आणि शेवटच्या दोन पट्ट्यांमध्ये मात्र फक्त ४००. समान अंतरावर पट्ट्या आणि तळाशी एक दाटीवाटीची जोडी दिसली की हे सरकवून जोडलेलं चित्र आहे हे ठरलं. त्या समान अंतरावरून टिपणाऱ्याची खिडकी केवढी होती हेही कळतं.

थोडी हुशार साधनं यावर दोन तोडगे काढतात. एक म्हणजे खिडकीपेक्षा कमी सरकायचं आणि प्रत्येक तुकड्याचा माथा छाटायचा. वरच्या उदाहरणात ७२०-७२०ने सरकायचं आणि पहिला सोडून बाकी तुकड्यांचे वरचे ८० पिक्सेल कापायचे. आठाऐवजी नऊ तुकडे लागतात, पण एकही ओळ हरवत नाही. यासाठी पट्टीची उंची आधी ठाऊक असावी लागते, आणि पुष्कळ पानांवर ती माथ्याशी जाडजूड असते व थोडं सरकताच बारीक होते. दुसरा तोडगा पट्टीच गायब करण्याचा. पहिला तुकडा पट्टीसकट घ्यायचा, मग पानावरचे सगळे `fixed` आणि `sticky` घटक शोधून अदृश्य करायचे आणि उरलेले तुकडे घ्यायचे. हा चांगला मार्ग आहे. तरी तो फसतो, कारण काही पानांची पट्टी सुरुवातीला अगदी साधी असते आणि शंभरेक पिक्सेल सरकल्यावरच पानातली जावास्क्रिप्ट तिला चिकट करते. सुरुवातीला एकदाच झडती घेणाऱ्या साधनाला ती सापडत नाही. प्रत्येक थांब्यावर पुन्हा झडती घ्यावी लागते. गंमत म्हणजे खाली सरकताना लपणारी आणि वर सरकताना प्रकटणारी जी पट्टी वाचकांना वैताग आणते, ती इथे काहीच त्रास देत नाही. टिपणारं साधन फक्त खालीच जातं, त्यामुळे ती आपणहून लपून बसते.

दुसरी रीत खिडकीच उंच करण्याची. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये `Capture full size screenshot` ही आज्ञा आहे. क्रोमच्या ५९व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७पासून ती मिळते. `Ctrl+Shift+I` दाबून टूल्स उघडायची, मग `Ctrl+Shift+P` दाबून आज्ञेचं नाव टाइप करायचं. फायरफॉक्समध्ये पानावर उजवं बटण दाबून `Take Screenshot` आणि मग `Save full page` निवडलं तरी काम होतं. इथे तुकडे नसतात. पान ६००० पिक्सेलचं असेल तर ब्राउझर आपली खिडकी जणू ६००० पिक्सेलची आहे असं धरून एकदाच सगळं रंगवतो. सरकणं नाही, त्यामुळे पट्टी एकदाच येते. पान मध्यावर सरकवलेलं असताना आज्ञा दिली तर ती कधीकधी चित्राच्या मधोमध उमटते, म्हणून आधी माथ्यावर परतलेलं बरं.

पट्ट्यांचं दुखणं या रीतीने जवळजवळ मिटतं. पांढऱ्या चौकोनांचं मात्र इथेच बळावतं.

पानावरची सगळी चित्रं सुरुवातीलाच उतरवून घेणं ही जुनी पद्धत. वाचक दुसऱ्या परिच्छेदावरूनच निघून गेला तर खालच्या दहा चित्रांचा डेटा फुकट जातो. म्हणून पानं रचणारे चित्र जवळ आल्यावरच मागवायची युक्ती करू लागले. आधी ते जावास्क्रिप्टने होत असे. २०१९मध्ये क्रोमच्या ७६व्या आवृत्तीने ती सोय ब्राउझरमध्येच आणली: चित्राच्या टॅगमध्ये `loading="lazy"` एवढं लिहिलं की पुरे. २०२०च्या ऑगस्टमध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.५ने हे आपल्या चित्रांना आपोआप लावायला सुरुवात केली, आणि त्या एका बदलाने असंख्य ब्लॉग व बातम्यांची संकेतस्थळं, मराठीतलीही, आळशी चित्रांची झाली. सफारीने ही सोय २०२२मध्ये सुरू केली.

‘जवळ’ म्हणजे किती, हे ब्राउझर ठरवतो. २०२०मध्ये क्रोमने चांगल्या जोडणीसाठी हे अंतर खिडकीच्या काठापासून १२५० पिक्सेल आणि ३जीसारख्या मंद जोडणीसाठी २५०० पिक्सेल ठेवलं. आता आपलं ६००० पिक्सेलचं पान पुन्हा घेऊ. त्यात चार छायाचित्रं आहेत, ५००, १९००, ३४०० आणि ४७०० पिक्सेलवर. वाचकाने पान उघडलं आणि न सरकवता लगेच पूर्ण पान टिपायची आज्ञा दिली. खिडकी ८००ची, त्यात १२५० मिळवले की २०५०. पहिली दोन छायाचित्रं या रेषेच्या वर आहेत. ती आलेली असतात. तिसरं आणि चौथं कधी मागवलेलंच नाही. आज्ञा मिळताच खिडकी एकदम उंच होते, ती दोन्ही चित्रं ‘जवळ’ येतात, ब्राउझर ती मागवतोही. पण सर्व्हरकडून चित्र यायला थोडा वेळ लागतो आणि टिपण्याचं काम त्याआधीच उरकलेलं असतं. म्हणून अशा चित्रात वरचा भाग भरलेला आणि एका रेषेखालचं सगळं कोरं दिसतं. मधूनमधून एखादंच चित्र गायब असेल तर कारण बहुधा वेगळं असतं: सरकवून जोडताना तेवढं एक चित्र उशिरा आलं.

सरकवून जोडण्याच्या रीतीला इथे एक नकळत फायदा मिळतो. क्रोमने एक्स्टेन्शनला दर सेकंदाला जास्तीत जास्त दोनच वेळा पडदा टिपायची मुभा दिली आहे. आपल्या नऊ तुकड्यांना म्हणून चार सेकंदांच्या आसपास लागतातच. चित्रं दीड खिडकी आधीच मागवली जात असल्याने बऱ्या जोडणीवर तेवढा वेळ पुरतो. एसटीत बसून मोबाइल डेटावर तोच प्रयोग केला तर पुरत नाही.

कोऱ्या जागेचंही निदान करता येतं. चौकोन नीट मोजूनमापून मोकळा सोडलेला दिसत असेल तर पान रचणाऱ्याने चित्राची लांबी-रुंदी आधी लिहून ठेवली होती, फक्त चित्र आलं नाही. ती लिहिली नसेल तर जागा मोकळी सुटत नाही. चित्र आलं की खालचा सगळा मजकूर धाडकन खाली ढकलला जातो. हे तुकडे टिपण्याच्या मधल्या क्षणी घडलं तर चित्रात मोकळी जागा न दिसता तीच दोन वाक्यं जोडाच्या वर आणि खाली दोनदा येतात, किंवा छायाचित्राचं कपाळ एका तुकड्यात आणि हनुवटी भलतीकडे असते. हा प्रकार कोऱ्या चौकोनापेक्षा वाईट. कोरा चौकोन निदान ओरडून सांगतो. दोनदा आलेली ओळ घाईत नजरेतून निसटते.

तिसरी शक्यता अशी की चित्र आलेलं असतं पण दाखवलेलं नसतं. सरकताना मजकूर अलगद उमटवत नेण्याची हौस सध्या फार आहे. त्या पानांवर प्रत्येक खंड सुरुवातीला पूर्ण पारदर्शक ठेवलेला असतो आणि तो खिडकीत आल्यावरच अर्ध्या-एक सेकंदात गडद होत जातो. अशा पानाच्या पूर्ण चित्रात छायाचित्रंच नव्हे, परिच्छेदही गायब असतात, नाहीतर धुक्यातून पाहिल्यासारखे फिकट दिसतात. फिकटपणा दिसला की इंटरनेटच्या वेगाला दोष देण्यात अर्थ नाही.

या सगळ्यावर सर्वांत सोपा उपाय हाताने करायचा आहे आणि त्याला कोणतंही साधन लागत नाही. टिपण्याआधी पान एकदा सावकाश तळापर्यंत सरकवायचं, प्रत्येक छायाचित्र आलेलं डोळ्यांनी पाहायचं, मग माथ्यावर परतायचं आणि तेव्हाच क्रोमची किंवा फायरफॉक्सची पूर्ण पानाची आज्ञा द्यायची. एकदा आलेलं चित्र साधारणपणे परत जात नाही, आणि उमटणारे खंडही बहुतेक पानांवर एकदा उमटले की तसेच राहतात. `End` बटण दाबून एका उडीत तळ गाठणं मात्र उपयोगाचं नाही, कारण मधली चित्रं खिडकीजवळून गेलीच नाहीत असं ब्राउझरला वाटू शकतं.

चिकट पट्ट्या राहिल्याच, किंवा सरकवून जोडणारं साधनच वापरायचं असेल, तर डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये थोडी जावास्क्रिप्ट चालवता येते. क्रोम तिथे काही चिकटवू पाहणाऱ्याला आधी अडवतो आणि `allow pasting` टाइप करायला लावतो. ती सावधगिरी रास्त आहे. न समजलेली ओळ तिथे कधीच चिकटवू नये. खालची पहिली ओळ ब्राउझरच्या सोयीने आळशी केलेली सगळी चित्रं लगेच मागवायला लावते, आणि पुढच्या ओळी चिकट घटकांना सोडवतात:

```js
document.querySelectorAll('img[loading="lazy"]').forEach(i => i.loading = 'eager');
document.querySelectorAll('*').forEach(e => {
  const p = getComputedStyle(e).position;
  if (p === 'fixed') e.style.setProperty('visibility', 'hidden', 'important');
  if (p === 'sticky') e.style.setProperty('position', 'static', 'important');
});
```

दोन प्रकारांना दोन वेगळ्या वागणुका आहेत, त्याला कारण आहे. `sticky` पट्टीला पानाच्या प्रवाहात स्वतःची जागा असते. तिला `static` केलं की ती त्या जागी शहाण्यासारखी बसते आणि चित्रात माथ्यावर एकदाच दिसते. `fixed` पट्टीला प्रवाहात जागाच नसते. तिला तसं `static` केलं तर ती अचानक जागा मागते आणि सगळं पान खाली सरकतं. म्हणून ती फक्त अदृश्य केली आहे. त्याची किंमत अशी की वर्तमानपत्राचं नाव त्याच पट्टीत असेल तर तेही चित्रातून जातं. नाव हवं असेल तर पट्टीसकट माथ्याचा एक साधा स्क्रीनशॉट आधी घेऊन ठेवावा. `fixed`ला `absolute` करण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. माथ्याच्या पट्टीला तो लागू पडतो, पण तळाशी चिकटलेली ‘अ‍ॅप डाउनलोड करा’ची पट्टी मग पहिल्या खिडकीच्या तळाशी, म्हणजे आपल्या उदाहरणात ८०० पिक्सेलच्या थोडं वर, मजकुरावरच ठाण मांडते. पान पुन्हा लोड केलं की हे सगळे बदल पुसले जातात, त्यामुळे प्रयोग करायला भीती नाही. काही पानांवर सगळा मजकूरच एका `fixed` पेटीत असतो. तिथे ही आज्ञा दिली तर पडदा रिकामा होतो.

पहिल्या ओळीलाही मर्यादा आहे. जुन्या, जावास्क्रिप्टच्या पद्धतीत चित्राचा खरा पत्ता `data-src` अशा वेगळ्या नावाखाली ठेवलेला असतो आणि चित्राच्या जागी एक पिक्सेलचं पारदर्शक ठिपकाचित्र असतं. ब्राउझरच्या दृष्टीने ते चित्र केव्हाच पूर्ण आलेलं असतं. स्वयंचलितपणे पानं टिपणाऱ्या प्रोग्रॅमांची इथे फसगत होते: ‘सगळी चित्रं आली का’ या प्रश्नाला पान ‘हो’ म्हणतं आणि चित्रात पांढरे चौकोन येतात. अशा प्रोग्रॅमांत जोडणी अर्धा सेकंद शांत होईपर्यंत थांबण्याचीही सोय असते, पण बातम्यांच्या पानांवर जाहिराती आणि वाचकांची मोजदाद करणाऱ्या स्क्रिप्ट सतत काही ना काही पाठवत-मागवत असतात. ती शांतता येतच नाही, नाहीतर चित्रं मागवण्याआधीच एकदा येऊन जाते. थोडं सरकायचं, थोडं थांबायचं, पुन्हा सरकायचं, हेच प्रोग्रॅमलाही करावं लागतं.

खिडकी उंच करण्याच्या रीतीचे स्वतःचे दोन दोष उरतात. काही पानांचं मुखचित्र ‘खिडकीच्या उंचीएवढं’ असं सांगितलेलं असतं. खिडकीच ६००० पिक्सेलची झाली तर ते मुखचित्र ताणून पानभर होऊ शकतं आणि खाली मजकूर कुठच्या कुठे जातो. दुसरा दोष लांबीचा. पान एकदम रंगवताना पुष्कळ संगणकांवर १६,३८४ पिक्सेलच्या पुढे गाडी अडते. त्याखाली चित्र कोरं येतं किंवा वरचाच भाग पुन्हा छापला जातो. पुन्हा आलेली पट्टी पाहून कोणी ती चिकट पट्टीची चूक समजतं, पण इथे पट्टीबरोबर तिच्याखालचा सगळा मजकूरही पुन्हा आलेला असतो, त्यावरून ओळखावं. शिवाय ज्या लॅपटॉपचा पडदा दुप्पट घनतेचा असतो तिथे पानाचा एक पिक्सेल चित्रात दोन होतो. साध्या मॉनिटरवर नीट टिपलं जाणारं दहा हजार पिक्सेलचं पान अशा लॅपटॉपवर ८१९२ वरच तुटतं.

जोडलेल्या तुकड्यांचा एक बारीक दोष देवनागरी वाचणाऱ्याला विशेष खुपतो. विंडोजमध्ये पडदा १२५ टक्के मोठा करून ठेवला असेल, तर सरकण्याचं अंतर चित्रात पूर्णांकात बसतंच असं नाही. ७२० पिक्सेलचे नेमके ९०० होतात, पण ७२३चे ९०३.७५. तो पाव-पाऊण पिक्सेल कुठेतरी जिरवावा लागतो आणि जोडाशी एक पिक्सेलची रेघ वाढते किंवा कमी होते. रोमन लिपीत अक्षराचा एखादा वळसा किंचित दुमडतो, लक्षात येत नाही. मराठी ओळीवर जोड शिरोरेषेतून गेला की ती ओळभर दुहेरी होते किंवा कातरल्यासारखी नाहीशी होते. ब्राउझरचा झूमही बदललेला असेल तर टिपण्याआधी `Ctrl+0` दाबून तो पूर्ववत करावा, पण विंडोजचे १२५ टक्के त्याने बदलत नाहीत.

पीडीएफ करून पाहणाऱ्यांना चित्रांच्या बाबतीत थोडा दिलासा मिळतो, पट्ट्यांच्या बाबतीत मात्र उलटा धक्का बसतो. छापील माध्यमात `fixed` घटक प्रत्येक पानावर पुन्हा यावा, असं सीएसएसच्या नियमांतच लिहिलेलं आहे. वीस पानांची पीडीएफ झाली आणि वीस वेळा पट्टी आली, तर ब्राउझरने नियमच पाळला. छपाईसाठी वेगळं रूप द्यायला पान रचणारा विसरला. आयफोनवर सफारीने २०१९मध्ये, आयओएस १३पासून, पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट दिला तो पीडीएफ म्हणूनच. आणि अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीत, २०२१मध्ये, लांब स्क्रीनशॉटची सोय मूळ प्रणालीत आली.

काही पानं मात्र टिपलीच जात नाहीत. गप्पांची, मेलची आणि नकाशांची पानं बाहेरून खिडकीएवढीच असतात आणि सरकतो तो त्यांच्या आतला एक कप्पा. साधनाला पान ८०० पिक्सेलचंच दिसतं आणि तेवढंच ते टिपून देतं. समाजमाध्यमांच्या न संपणाऱ्या यादीत तर वर गेलेल्या नोंदी ब्राउझर काढूनच टाकतो, म्हणजे कितीही सावकाश सरकवलं तरी पूर्ण यादी एका वेळी हजर नसते. आणि खिडकी उंच केली तर रिकामी जागा पाहून यादी आणखी नोंदी मागवत राहते. तिथे हवी ती एकेक नोंद तिच्या स्वतंत्र पत्त्यावर उघडून वेगळी टिपावी लागते.